आज रात्री बाळ थोडं किरकिर करेल

गावात लसीकरणाचं निमंत्रण बहुतेक वेळा एका ओळीत उरकतं: 'उद्या अंगणवाडीत डोस आहे, बाळाला घेऊन या.' आई येते, बाळाला सुया टोचल्या जातात आणि रात्री ते तापतं. घरात कुणीतरी म्हणतंच, "चांगलं खेळतं पोर नेलं आणि आजारी करून आणलं." पुढच्या महिन्यात आशाताई दारात उभी राहते तेव्हा आई शेतात गेलेली असते किंवा माहेरी.

आरोग्य खात्याच्या भाषेत ही गळती. पेंटाचा पहिला डोस घेतलेल्या किती बाळांनी तिसरा घेतलाच नाही, यावरून ती मोजतात. गळतीची कारणं अनेक असतात, पण आधी न सांगितलेला ताप हे त्यांतलं नेहमीचं. म्हणून निमंत्रणाच्या चिठ्ठीत तारीख आणि वेळ यांच्याइतकंच महत्त्व असतं ते त्या रात्रीच्या वर्णनाला. एखाद्या आशाताईने अशी चिठ्ठी नीट लिहायची ठरवली तर ती कशी असेल? २०२५ च्या एप्रिलमधलं शिबिर डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा नमुना पाहा.

*

शनिवार, ५ एप्रिल

नमस्कार,

येत्या मंगळवारी, ८ एप्रिलला, सकाळी १० वाजल्यापासून आपल्या अंगणवाडीत लहान मुलांचं लसीकरण आहे. उपकेंद्राच्या सिस्टर येणार आहेत. लस मोफत आहे. उद्या रामनवमी. घरी पाहुणे आले असतील आणि त्यांच्या बाळाचा डोस राहिला असेल, तर त्यालाही आणा. आपल्या गावचं नसलं तरी चालतं. येताना कार्ड विसरू नका. कार्ड हरवलं असेल तरी या, माझ्या वहीत नोंद आहे.

दीड महिना पूर्ण झालेल्या बाळाला दोन्ही मांड्यांत एकेक सुई, उजव्या दंडाला एक बारीक सुई आणि तोंडातून पोलिओ व रोटाचा डोस मिळेल. अडीच महिन्यांच्या बाळाला एकच सुई आणि तोंडातले डोस. साडेतीन महिन्यांच्या बाळाला पुन्हा पहिल्यासारखंच. नऊ महिने पूर्ण झालेल्यांना गोवर-रुबेलाची लस, सोबतचे डोस आणि 'अ' जीवनसत्त्वाचं औषध. दीड वर्षाच्या मुलांचा बूस्टर आहे. नऊ महिन्यांच्या आणि दीड वर्षाच्या मुलांना शक्यतो ११ च्या आत आणा.

थोडी सर्दी किंवा खोकला असेल, बाळ अशक्त वाटत असेल, तरी घेऊन या. डोस द्यायचा की नाही ते सिस्टर बघून ठरवतील.

डोस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं आहे. अंगावर पाजायला हरकत नाही.

आता महत्त्वाचं. मांडीत सुई घेतलेलं लहान बाळ त्या रात्री थोडं किरकिर करेल. अंग तापेल, मांडी लालसर होईल, थोडी सुजेल. हे एक-दोन दिवसांत जातं. तापाच्या औषधाचं माप सिस्टर तुमच्या बाळाच्या वजनाप्रमाणे लिहून देतील, तेवढंच द्यायचं. मांडी चोळू नका, शेकू नका, हळद-तेल लावू नका. थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा.

गोवराची लस घेतलेल्या बाळाला त्या रात्री बहुधा काही होणार नाही. साधारण आठवड्यानंतर अंग तापेल, कदाचित बारीक पुरळही येईल. घाबरू नका, पण मला सांगा.

ताप दोन दिवसांत उतरला नाही, बाळ तीन तासांहून जास्त रडतच राहिलं, झटका आला, अंग ढिलं पडलं किंवा पिणं सोडलं, तर वाट पाहू नका. रात्र असली तरी मला फोन करा आणि १०८ ला लावा.

तुमची आशाताई

*

चिठ्ठीतलं पहिलं कोडं ११ वाजण्याचं आहे. शिबिर दुपारपर्यंत चालणार, मग गोवराच्या बाळांनाच घाई का?

सिस्टर सकाळी आणतात त्या निळ्या डब्यात, म्हणजे व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, चार बर्फपेट्यांच्या मधोमध कुप्या असतात. आत अधिक २ ते अधिक ८ अंश तापमान राखायचं असतं. पेंटासारख्या लसी उष्णतेने खराब होतातच, पण गोठल्या तरी निकामी होतात. म्हणून बर्फपेट्या थोड्या घामेजून आतला बर्फ खुळखुळू लागल्यावरच डब्यात ठेवतात. पेंटाची कुपी द्रवरूपच असते. ती उघडली आणि नीट जपली, तर २८ दिवसांपर्यंत पुढच्या शिबिरांत वापरता येते. गोवर-रुबेलाची लस मात्र कोरड्या पुडीसारखी येते. तिच्यासोबत आलेल्या द्रावणात ती जागेवर कालवावी लागते आणि कालवल्यापासून चार तासांत संपवावी लागते. उरली तर फेकायची. तिच्यात जंतू मारणारं संरक्षक द्रव्य नसतं. उघड्या कुपीत बाहेरचा जंतू शिरला तर तो तिथे वाढतो आणि तीच कुपी पुढच्या बाळाच्या जिवावर उठू शकते. बीसीजीचंही असंच.

एका कुपीत पाच किंवा दहा बाळांचे डोस असतात. सकाळी दहाला फोडलेली कुपी दोनला बाद होते. त्या वयाची बाळं सकाळीच जमली तर कुपी वाया जात नाही, एवढाच ११ चा अर्थ. मात्र अडीचला एकटंच बाळ आलं, तर त्याच्यासाठी नवी कुपी फोडावी असा सरकारी नियम आहे. 'कुपी वाया जाईल, पुढच्या महिन्यात या' असं कुणी सांगितलं तर ते नियमाला धरून नाही.

दुसरी गोष्ट दीड महिन्याच्या सुयांची. डाव्या मांडीत पेंटा जाते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारे न्यूमोनिया-मेंदुज्वर, अशा पाच शत्रूंवरची ही एकच लस. उजव्या मांडीत न्यूमोकोकल लस, जिला सिस्टर पीसीव्ही म्हणतात. उजव्या दंडावर कातडीच्या आत जाते ती पोलिओची सुई. 'एका दिवशी इतक्या सुया कशाला, थोड्या थोड्या द्या ना' असं आजी म्हणते. जागा ठरवून दिलेल्या असण्याचा उपयोग इथे दिसतो. डावी मांडी सुजली तर ती पेंटामुळे हे कार्ड न बघताही कळतं. सुया वेगवेगळ्या दिवशी दिल्या तर बाळाचं रडणं कमी होत नाही, फक्त फेऱ्या वाढतात, आणि एका फेरीला मजुरी बुडते.

या सगळ्यांत ताप आणते ती मुख्यतः पेंटा, आणि पेंटातही डांग्या खोकल्याचा भाग. सरकारी लसीत या रोगाचे मारलेले जंतू अख्खे असतात. जंतू मेलेला असला तरी त्याचं अंग, त्याचं कवच बाळाच्या रक्तातल्या पहारेकऱ्यांना अनोळखीच. ते गोळा होतात, शरीराचं तापमान वाढवणारी द्रव्यं सोडतात आणि अंग तापतं. कमीत कमी दहातल्या एका, जास्तीत जास्त निम्म्या बाळांना असा ताप येतो. ज्याला येत नाही त्याची लस लागू पडली नाही असं मात्र नाही. शहरातल्या खासगी दवाखान्यांत 'न दुखणारी' म्हणून महाग लस मिळते. तिच्यात अख्खा जंतू नसतो, त्याचे निवडक तुकडे असतात. ताप आणि सूज खरोखरच कमी येते, पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं, असं अनेक देशांत दिसून आलं आहे. दोन्ही लसी चालतात. फक्त 'दुखरी म्हणून सरकारी लस हलकी' हा समज चुकीचा आहे.

औषधाच्या मापाबद्दल चिठ्ठीत 'लिहून दिलं तेवढंच' असं का, ते हिशेब केला की कळतं. पॅरासिटामॉल दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम देतात. दीड महिन्याचं बाळ साडेचार किलोचं धरलं तर एका वेळी साधारण ५० मिलिग्रॅम. आता दुकानात बघा. पातळ औषधाच्या एका बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये १२५' लिहिलेलं असतं, दुसरीवर '५ मिलिलिटरमध्ये २५०', आणि ड्रॉपरच्या छोट्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरलाच १००. पहिल्यातून दोन मिलिलिटर, दुसऱ्यातून एक आणि ड्रॉपरमधून जेमतेम अर्धा, की झालं माप. तिन्ही बाटल्यांवर औषधाचं नाव एकच आणि चमचा घरातला. मोठ्या भावाच्या वेळची उरलेली बाटली काढून 'तेवढंच' दिलं, की दुप्पट किंवा चौपट डोस जातो. म्हणून बाटली सिस्टरला दाखवून तिच्याच मापाने किती ते विचारून घ्यावं. दोन वेळांत निदान सहा तास आणि दिवसभरात चार वेळांपेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन तर लहान मुलांना देऊच नये. अंग तापलं नसेल तर औषध लागतही नाही.

ताप कधी येतो, यावरून बरंच काही कळतं, आणि चिठ्ठीतलं 'आठवड्यानंतर' त्यासाठीच आहे. पेंटातले जंतू मेलेले असल्याने शरीराची प्रतिक्रिया लगेच येते, बहुतेकदा त्याच रात्री. गोवर-रुबेलाच्या लसीत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते शरीरात आधी थोडे वाढतात, मग शरीर त्यांना ओळखतं. त्यामुळे ताप साधारण सातव्या ते बाराव्या दिवसादरम्यान येतो. दर शंभरांतल्या पाच ते पंधरा मुलांना तो येतो, काहींना पुरळही उठतं, आणि दोन-एक दिवसांत सगळं मावळतं. तोपर्यंत शिबिर विसरलेलं असतं. लेकराच्या अंगावर पुरळ दिसतं, 'देवी आल्या' म्हणून घरात कडुलिंब येतो आणि लसीशी कुणी संबंध जोडत नाही. उलटही घडतं. गोवराचीच लस घेतलेल्या बाळाला दुसऱ्या दिवशी जोराचा ताप आला, तर तो बहुधा लसीचा नसतोच. दुसरं काहीतरी चाललेलं असतं, आणि 'लसीचा असेल, उतरेल' म्हणून घरी थांबणं धोक्याचं.

जन्मानंतर डाव्या दंडावर दिलेल्या बीसीजीचं घड्याळ तर आणखी संथ. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन ते सहा आठवड्यांनी तिथे फोड येतो, तो पिकतो, फुटतो, खपली धरतो आणि दोन-तीन महिन्यांत वण ठेवून जातो. बरोबर याच काळात बाळाला दीड महिन्याच्या डोसासाठी आणतात, आणि 'आधीची सुई पिकली, आता नको' हे वाक्य तेव्हाच ऐकू येतं. ते पिकणं अपेक्षितच आहे. त्यावर मलम, हळद, पावडर काही लावायचं नाही, पट्टी बांधायची नाही. वण उठलाच नाही तरी लस पुन्हा द्यावी लागत नाही. काखेत गाठ सुजली तर मात्र डॉक्टरांना दाखवावी. मांडीची सुई पिकली तर ती गोष्ट वेगळी. पेंटाची जागा सुजते, टणक होते, पण तिच्यात पू होत नाही. चार-पाच दिवसांनी ती गरम लागली, गाठ मऊ झाली, बाळ हात लावू देईना, तर जंतू शिरलेला असतो आणि दवाखान्यात जावं लागतं.

अर्धा तास बसवून ठेवण्याचं कारण लोकांना क्वचितच सांगितलं जातं. लसीची तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एखादीच, इतकी विरळ. पण ती आली तर सहसा काही मिनिटांतच येते: श्वास लागतो, अंगावर गांध्या उठतात, बाळ पांढरं पडतं. सिस्टरच्या पेटीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असतं आणि पहिला डोस देण्याचं प्रशिक्षण तिला मिळालेलं असतं. बाळ तिच्या नजरेसमोर असलं तरच त्या पेटीचा उपयोग.

आता गळतीचंच एक उदाहरण घेऊ. बीडकडचं एक ऊसतोड कुटुंब धरा. बाळाचा जन्म १५ सप्टेंबरचा, म्हणजे दीड महिना भरतो २७ ऑक्टोबरला. गावचं शिबिर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. ८ ऑक्टोबरला बाळ लहान होतं, म्हणून पहिली पेंटा १२ नोव्हेंबरला मिळाली. त्याच आठवड्यात टोळी साखर कारखान्याकडे निघाली. दुसरा डोस १० डिसेंबरला घेता आला असता, कारण दोन पेंटांमध्ये निदान चार आठवडे लागतात आणि त्या दिवशी बरोबर २८ दिवस भरत होते. पण तेव्हा आई फडात होती. मार्चअखेरीस कुटुंब परतलं तेव्हा बाळ सहा महिन्यांचं झालं होतं.

इथे गावात दोन समज आडवे येतात. एक, 'खंड पडला, आता सगळं पहिल्यापासून.' दुसरा, 'आता वय गेलं.' दोन्ही चूक. पहिल्या डोसाची ओळख शरीर विसरत नाही, म्हणून जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. ८ एप्रिलला या बाळाला दुसरी पेंटा आणि त्यासोबतचे डोस मिळतील. न्यूमोकोकल आणि पोलिओच्या सुईचा दुसरा डोसही त्याच दिवशी देता येतो, कारण त्यांच्या पहिल्या डोसाला आठ आठवड्यांहून अधिक काळ लोटला आहे. तिसरी पेंटा १३ मेच्या शिबिरात. गोवराची लस १० जूनला मिळणार नाही, कारण नऊ महिने १५ जूनला पूर्ण होतात, आणि आईला नेमका राग येतो तो या पाच दिवसांचा. आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि लसीतल्या दुबळ्या विषाणूलाही मारून टाकतात. म्हणून नेहमीच्या वेळापत्रकात नऊ महिन्यांची रेघ आखलेली आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस दिला गेला. पण तो मोजणीत धरत नाहीत. नेहमीचे दोन डोस पुढे घ्यावेच लागतात. आपल्या या बाळाला गोवराची पहिली लस ८ जुलैला मिळेल, दुसरी सोळा महिन्यांनंतर, डांग्या खोकल्याच्या बूस्टरसोबत.

खरं तर डिसेंबरचा डोस फडातही मिळू शकला असता. कारखान्यांच्या वस्त्या, वीटभट्ट्या, बांधकामांवरच्या पालांसाठी आरोग्य विभागाच्या आराखड्यात वेगळी शिबिरं असतात, आणि देशात कुठल्याही सरकारी केंद्रात डोस घेता येतो. आता 'यू-विन'वर मोबाइल क्रमांकाने नोंद राहते, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातल्या सिस्टरलाही मागचे डोस दिसतात. तरी रेंज नसलेल्या पालावर हातातलं कार्डच कामाला येतं.

सिस्टरने प्रत्येक आईला चार गोष्टी सांगूनच सोडावं, असा नियम आहे: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, पुढचा डोस कधी, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. रांग मोठी असली की यातली तिसरी गोष्ट सर्वांत आधी गाळली जाते. तुमच्या वेळी ती राहिली, तर उठण्याआधी सिस्टरला विचारा: आज रात्री काय होईल, किती दिवस राहील, आणि कुठल्या बाटलीतून किती औषध द्यायचं.